निवृत्तीचा पैसा : कर्ज फेडावं की ठेवावा?

घरचा माणूस निवृत्त झाला की ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी अशी मोठी रक्कम एकदम हातात येते. घरकर्जाचे हप्ते अजून चालू असतील तर एक जण म्हणतो, “आधी कर्ज मोकळं करा.” दुसरा म्हणतो, “पैसे ठेवा, व्याजातून हप्ता जाईल.” कोणाचं ऐकायचं? आज आपण हा हिशेब मांडून पाहू.

समजा, साखर कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या कामगाराच्या घरात १४ लाख रुपये आले. पेन्शन महिना ३,००० रुपये. घरकर्ज ६ लाख बाकी, व्याज ९ टक्के, मुदत अजून सात वर्षं. हप्ता येतो सुमारे ९,६५० रुपये.

सगळे १४ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्के दराने वर्षाला १,१४,८०० रुपये व्याज मिळतं. ते दर तीन महिन्यांनी येतं. महिन्याला धरलं तर साधारण ९,५६५ रुपये, म्हणजे जवळपास हप्त्याएवढेच. घरखर्चाला उरली फक्त पेन्शन.

आता ६ लाख भरून कर्ज संपवलं आणि उरलेले ८ लाख त्याच योजनेत ठेवले, तर हप्ता थांबतो. महिन्याला सुमारे ५,४६५ रुपये व्याज आणि ३,००० पेन्शन, असे साडेआठ हजारांच्या आसपास घरात येतात.

तुम्ही म्हणाल, पहिल्या वाटेने सात वर्षांनी १४ लाख शाबूत राहतात, दुसरीत ८ लाखच. खरं आहे. पण दुसऱ्या वाटेने दरमहा साडेपाच हजार जास्त मिळाले. व्याजदर तोच राहिला आणि ते पैसे खर्च न करता त्याच दराने साठवले, तर सात वर्षांत ६ लाखांहून थोडे अधिकच होतात. कारण साधं आहे : आपण ९ टक्के देतो आणि ८.२ टक्के घेतो. म्हणून आधी दोन दर शेजारी शेजारी लिहा. ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल तर तो वजा करूनच. कोणी जास्त परताव्याचं सांगितलं, तर एवढंच विचारा : हप्त्याची तारीख पक्की आहे, परताव्याची आहे का?

पण दरावरच सगळं ठरत नाही. समजा, १४ ऐवजी ७ लाखच आले. ६ लाख भरले तर हातात १ लाख राहतो. उद्या ऑपरेशन निघालं तर घराची भिंत विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. मग सावकाराचं किंवा सोनेतारण कर्ज काढावं लागतं. अशा घराने ३ लाख भरावेत आणि ४ लाख हाताशी ठेवावेत. त्यातले निदान लाख-दीड लाख कधीही काढता येतील अशा बँक ठेवीत असावेत, कारण पोस्टाच्या या योजनेची मुदत पाच वर्षं असते आणि आधी मोडली तर कपात होते.

थोडीच रक्कम भरताना बँकेत एक गोष्ट लेखी द्या : “मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा.” न सांगितल्यास बहुधा हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते. व्याज त्यात जास्त वाचतं, पण पगार थांबलेल्या घराला दरमहाचा भार आधी उतरायला हवा. ३ लाख भरल्यावर आपला हप्ता ९,६५० वरून सुमारे ४,८३० होतो. तेवढी रक्कमही पेन्शन आणि व्याजातून काढताना ओढाताण होईल, म्हणून दूध, शिलाई किंवा मुलाचा हातभार यांचा आधीच विचार करा.

बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही. दर स्थिर असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

कर्ज पूर्ण फेडलं की काम संपलं असं समजू नका. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग तो दाखला घेऊन तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत जा आणि सातबारा किंवा घराच्या उताऱ्यावरचा बँकेचा बोजा कमी करून घ्या. बोजा उतरलेला नवा उतारा हातात आला, की घर खरोखर मोकळं झालं.