परिषदेहून आल्यावर मॅडमना काय लिहायचं?

आपल्यातले काहीजण उद्या ग्रंथालयात, प्रकाशनात नोकरी करतील आणि ऑफिस त्यांना कधीतरी परिषदेला पाठवेल. परत आल्यावर अहवाल मागितला जातो. बहुतेक अहवाल म्हणजे दैनंदिनी असते: पहिलं सत्र, दुसरं सत्र, चहा, समारोप. वरिष्ठ त्यावर ‘छान’ लिहितात आणि फाइल बंद. ‘छान’ एवढंच उत्तर आलं, तर समजावं की अहवालात त्यांना ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

एक उदाहरण घेऊ. समजा, ग्रंथालयातली सहायक जुन्या पुस्तकांच्या डिजिटायझेशनवरच्या परिषदेला गेली. तिथे तिने ऐकलं की टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर स्कॅन केलेल्या पानावरचा मराठी मजकूर ओळखतं. दैनंदिनीत हे ‘उपयुक्त माहिती मिळाली’ असं उतरतं. पण ‘मग आपण काय करायचं?’ हा मॅडमचा प्रश्न तसाच राहतो.

त्याऐवजी तिने आधी ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं करावं. प्रात्यक्षिकात पान नवं आणि स्वच्छ छापलेलं होतं. आपल्याकडची मासिकं पिवळी पडलेली, जोडाक्षरं पुसट. म्हणजे तिथलं यश इथे येईलच असं नाही, आणि हे अहवालात सरळ लिहायचं. (स्टॉलवाल्याचं बोलणं तर नेहमी ‘विक्रेत्याचा दावा’ म्हणूनच लिहावं.)

आता प्रस्ताव. ‘सगळी मासिकं डिजिटल करावीत’ ही नुसती इच्छा झाली. प्रस्ताव असा: ‘एकाच मासिकाची, सारख्याच पुसट छपाईची वीस पानं घेऊ. दहा पानं हाताने टाइप करू. उरलेली दहा ३०० डीपीआयला स्कॅन करून सॉफ्टवेअरला देऊ आणि चुका दुरुस्त करू. दोन्हींचा वेळ पानागणिक नोंदवू. काम मी करीन, सुमारे बारा तास, या महिनाअखेरपर्यंत. स्कॅनर आपलाच, त्यामुळे नवी खरेदी नाही. दुरुस्तीला टाइप करण्याइतकाच किंवा जास्त वेळ लागला, तर हा विचार सोडून देऊ.’

यातलं शेवटचं वाक्य लोक गाळतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं. कधी थांबायचं हे आधीच लिहिलेलं असलं की वरिष्ठांना ‘हो’ म्हणायला भीती वाटत नाही.

कागदावर मात्र क्रम उलटा ठेवायचा. पहिल्याच ओळीत मागणी: ‘रोज दुपारी एक तास, बारा दिवस, या चाचणीसाठी मिळावा, शुक्रवारपर्यंत कळवावं.’ खाली कारण, मग प्रस्ताव. सत्रांची यादी हवीच असेल, तर वेगळ्या पानावर जोडा. दोन दिवसांत दहा गोष्टी आवडल्या असतील, तरी प्रस्ताव दोनच द्या, फार तर तीन. उरलेल्यांची एका ओळीत नोंद करा आणि त्या आत्ता का नकोत तेही लिहा: पैसे नाहीत, माणूस नाही, की आपल्याला गरजच नाही.