डोळ्यांखालची सावली आणि नारिंगीचा उतारा

सोनेरी-पिवळसर झाक असलेल्या गडद सावळ्या त्वचेवर डोळ्यांखालचा काळेपणा निव्वळ काळा क्वचितच असतो. पापणीभोवतीची त्वचा अतिशय पातळ असते. तिच्याखालच्या रक्तवाहिन्या आणि खोल थरात साठलेले मेलॅनिन वरून निळसर-करडे दिसते, तर वरच्या थरातले मेलॅनिन तपकिरीच राहते. सावळ्या चेहऱ्यावर अनेकदा दोन्ही एकत्र असतात. अशा जागी फिकट कन्सीलर थेट लावला, की निळा रंग त्यातून डोकावतो आणि डोळ्यांखाली राख फासल्यासारखे दिसते.

निळ्यावर उतारा नारिंगीचा. रंगचक्रात हे दोघे समोरासमोर असतात. एकावर दुसरा आला की निळेपणा मरतो आणि तपकिरी उरतो. पण नारिंगी कोणता, हा खरा प्रश्न. गोऱ्या त्वचेसाठीच्या पीच करेक्टरमध्ये पांढरे रंगद्रव्य बरेच असते, त्यामुळे गडद त्वचेवर तोही राखाडीच दिसतो. तिथे भगवा नारिंगी लागतो, अगदी गडद त्वचेला विटकरी लाल. दीपिका मुत्याला या भारतीय वंशाच्या अमेरिकी तरुणीने 2015 मध्ये डोळ्यांखाली लाल लिपस्टिक लावून दाखवली आणि तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला, त्यामागचे तत्त्व हेच. मात्र ओठांसाठीची काही लाल रंगद्रव्ये अमेरिकेत डोळ्यांजवळ वापरायला मान्य नाहीत, तेव्हा करेक्टरच बरा.

समजा, नाकाकडच्या कोपऱ्यात जांभळट-निळा डाग आहे आणि बाहेरच्या बाजूला नुसता तपकिरीपणा. आधी मॉइश्चरायझर लावून तो मुरू द्यावा. मग तांदळाच्या दाण्याहून कमी करेक्टर फक्त निळ्या भागावर ठेवून अनामिकेने थोपटावा. चोळला तर तो सरकतो. या टप्प्यावर जागा उजळ दिसायला नकोच, ती गालासारखी तपकिरी दिसली म्हणजे काम झाले. अर्ध्या मिनिटाने त्वचेच्याच छटेचा, फार तर एक छटा उजळ, पिवळसर कन्सीलर पातळ थोपटावा. बाहेरच्या तपकिरी भागाला बहुधा एवढाच पुरतो. शेवटी पावडर नावापुरती.

निकाल खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पाहावा. राखाडी दिसले तर करेक्टर फिका आहे किंवा कन्सीलर जास्त उजळ अथवा गुलाबी. नारिंगी कडा दिसली तर करेक्टर डागाबाहेर गेला आहे. वर कन्सीलरचे थर चढवण्यापेक्षा कडा पुसलेली बरी. तासाभरात रेघा पडल्या तर माल जास्त झाला.

सगळ्याच सावल्या रंगाच्या नसतात. आरसा हातात धरून चेहरा उजेडाकडे वर केला की जो काळेपणा जवळजवळ नाहीसा होतो, तो डोळ्याखालच्या खळग्याचा. तिथे नारिंगी लावून उपयोग नाही; खळग्याच्या तळाशी थोडा उजळ कन्सीलर लावला तर खोली कमी भासते, तीही समोरून पाहताना.