डाव्या पायाची परीक्षा

पहाटे साडेपाचला दाराची बेल वाजली. दारात भाची, हातात लाल 'एल' लिहिलेले दोन पांढरे कागद आणि चिकटपट्टी. "मावशी, तुझी गाडी काढू या ना. एकदाच चढ करून बघते."

दहा वाजता भोसरीच्या ट्रॅकवर तिची चारचाकीची परीक्षा होती. आठचा आकडा काढायची तिला भीती नव्हती, रिव्हर्सचीही फारशी नाही. रात्रभर झोप उडवली होती ती चढाने. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा पुढे न्यायची, एवढंच. दोन महिने हे तिला छान जमत होतं. परवा क्लासच्या सरांनी आपले पाय वर घेतले आणि गाडी सरळ मागे आली.

क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला की सरांचा पाय ती चूक गुपचूप निस्तरतो. त्यामुळे गाडी किती आपण चालवली आणि किती सरांनी, हे शिकणाऱ्याला कळतच नाही. माझ्या गाडीत तसं काही नव्हतं. लायसन्स असलेली मी शेजारी, पुढेमागे 'एल' चिकटवलेला आणि समोर आमच्या पार्किंगमधून वर येणारा उतार.

पहिल्या खेपेला गाडी धक्का देऊन बंद पडली. दुसऱ्या खेपेला मागे घसरली. मी हँडब्रेक ओढला. "पाय थरथरतोय गं," ती म्हणाली.

खरं दुखणं तिथेच होतं. इंजिन सतत फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. या दोघांची गाठ क्लचची तबकडी घालते. क्लच पूर्ण दाबला की ती सुटी असते, पूर्ण सोडला की घट्ट चिकटते. मधे एक जागा असते, जिथे ती घासत घासत धरू लागते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. पेडलच्या सगळ्या प्रवासात ही जागा बोटभरच. घाबरलेल्या माणसाची मांडी आखडते, मग तो पूर्ण पाय हवेत उचलतो आणि ती बोटभर जागा एका झटक्यात ओलांडतो. इंजिनवर एकदम भार येतो आणि ते बंद पडतं. बंद पडेल या भीतीने क्लच पुन्हा दाबला, की चाकं मोकळी होतात आणि उतार गाडीला मागे ओढतो.

मी तिला म्हटलं, "टाच जमिनीवर टेक. फक्त चवडा वर येऊ दे." पण तिच्या पायात नवे, जाड तळव्याचे बूट होते. पेडल कुठे आहे हेच तिला जाणवत नव्हतं. वर जाऊन ती रोजचे पातळ तळव्याचे बूट घालून आली.

मग आम्ही रेसला हातच लावला नाही. हँडब्रेक ओढलेला, पहिला गियर, क्लच हळूहळू वर. इंजिनचा आवाज जरा खाली बसला, बॉनेट किंचित उचललं, स्टिअरिंगमध्ये बारीक कंप आला. "इथेच थांब. पाय हलवू नकोस." आता थोडी रेस आणि मगच हँडब्रेक खाली. गाडी चढ चढली. पाच खेपा झाल्या. सहावी मी करू दिली नाही, कारण क्लच जळल्याचा वास यायला लागला होता. हाफ क्लचवर फार वेळ राहिलं की तबकडी तापते.

"नापास झाले तर?"

"तर 7 दिवसांनी पुन्हा दे. 3 वेळा नापास झालीस तरच 60 दिवस थांबावं लागतं. आणि तुझं लर्निंग 6 महिने चालतं."

ट्रॅकवर तिच्या आधी एक उंच मुलगा त्याच गाडीतून उतरला. ती बसली आणि लगेच काही सुरू केलं नाही. क्लच तळापर्यंत दाबून पाहिला. गुडघा अगदी ताठ झाला, म्हणजे सीट लांब होती. सीट इतकी लांब असती तर सकाळी सापडलेली ती बोटभर जागा पुन्हा हरवली असती. तिने सीट पुढे ओढली, गुडघा जरासा वाकलेला राहतो ना ते पाहिलं. सीट हलली म्हणून आरसाही पुन्हा लावला. चालू लागण्याआधी आरसा लावणं हा परीक्षेचाच भाग आहे.

चढावर गाडी थांबली. कुंपणाबाहेरून मला तिचा पाय दिसत नव्हता, म्हणून मी मागचं चाक पाहत राहिले. बॉनेट जरासं उचललं. क्षणभर काहीच झालं नाही. मग चाक पुढेच फिरलं, मागे तसूभरही नाही.

बाहेर आल्यावर ती एका दगडावर बसली, डावा बूट काढला आणि कितीतरी वेळ पोटरी चोळत राहिली.