जुने फोटो, नवे जतन – लेखांक 7 : कोपऱ्यातली तारीख पुसताना

मागच्या लेखात आपण स्कॅन केलेल्या फोटोंवरचे ओरखडे घालवले. या वेळी काम थोडे अवघड आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत घरोघरी छोटे डिजिटल कॅमेरे आले आणि त्यांतल्या अनेकांत तारीख फोटोवरच छापण्याची सोय होती. ती चालू राहिली की प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी किंवा पिवळे आकडे उमटत. मूळ फाइल हरवली आणि हाती फक्त लॅबमधून आणलेली 4 × 6 इंची प्रत उरली, तर ते आकडे स्कॅनमध्येही येतात. ते पुसायला गेल्यावर बहुतेकांच्या हाती येतो तो आकड्यांच्या जागी पसरलेला तपकिरी, धुरकट डाग.

हा डाग आकड्यांमुळे पडत नाही. तो पडतो आकड्यांभोवती पसरलेल्या रंगामुळे. कॅमेरा फोटो जेपीईजीमध्ये साठवताना उजेड-अंधाराची माहिती बारकाईने ठेवतो, रंगाची मात्र बरीच ढोबळ करतो. अनेक कॅमेऱ्यांत रंगाचा एकेक तुकडा 16 पिक्सेल रुंद असे. आकड्याची कड त्या तुकड्याच्या मध्ये आली की नारिंगी छटा उरलेल्या तुकड्यातही झिरपते. छपाईत आणि स्कॅनिंगमध्ये ती आणखी मऊ होते. आपण डोळ्यांना दिसणारा आकडा तेवढा निवडतो आणि दुरुस्तीचे साधन त्याच्या कडेचा रंग आत ओढते. कडेला नारिंगी उरलेले असते, म्हणून आतही नारिंगीच भरले जाते.

एक उदाहरण घेऊ. 2004 सालचा, 3 मेगापिक्सेल कॅमेऱ्याने अंगणात काढलेला फोटो. खाली राखाडी शहाबादी फरशी, उजवीकडून आत आलेला लाल साडीचा काठ, आणि त्यावरून गेलेली तारीख. कॅमेऱ्याचे 2048 पिक्सेल 6 इंचांत छापले गेले, म्हणजे इंचाला सुमारे 341. आपण स्कॅन 600 डीपीआयला केला, तर कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलला स्कॅनमध्ये पावणेदोन पिक्सेल मिळतात. अडीच मिलिमीटर उंचीचा आकडा सुमारे 60 पिक्सेल उंच येतो आणि त्याच्या बाजूची नारिंगी छटा 28 पिक्सेलपर्यंत जाऊ शकते. अर्ध्या आकड्याएवढा हा पट्टा नुसत्या नजरेला जाणवतही नाही.

पुसण्यापूर्वी तारीख वाचून फाइलच्या आत नोंदवून ठेवा. 05/06/2004 असे दिसले तर तो 5 जून की 6 मे, हे एका फोटोवरून कळत नाही. त्याच कॅमेऱ्याचे इतर फोटो पाहा. एखाद्यात 12 पेक्षा मोठा आकडा सापडला की दिवस कुठला आणि महिना कुठला ते ठरते. मग exiftool वापरून, समजा तारीख 21 मे 2004 ठरली, तर ही आज्ञा द्या :

```
exiftool -DateTimeOriginal="2004:05:21 00:00:00" angan.tif
```

वेळ माहीत नसल्याने इथे शून्ये आहेत. आता तारीख फोटोवर नसली तरी फाइलमध्ये राहील.

स्कॅन करताना स्कॅनरचे शार्पनिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक आकड्याला पांढरी किनार येते. फाइल GIMP मध्ये उघडून मूळ लेयरची नक्कल करा. मग Hue-Saturation मध्ये सॅच्युरेशन पूर्ण वाढवून पाहा. न दिसणारी छटा लगेच भडक होऊन दिसते. ती कुठवर गेली आहे ते नीट लक्षात ठेवा आणि बदल रद्द करा.

आता रंग आणि पोत वेगवेगळे दुरुस्त करायचे, रंग आधी. एक नवा पारदर्शक लेयर घ्या आणि त्याचा मोड LCh Color करा. या मोडमध्ये रंगवले की खालचा उजेड-अंधार तसाच राहतो, फक्त रंग बदलतो. छटेच्या बाहेरच्या स्वच्छ फरशीचा रंग उचला आणि आकड्यांसकट सगळ्या छटेवर ब्रश फिरवा. साडीवर आलेल्या भागात साडीचा लाल रंग उचलून तोच फिरवा. नारिंगी आकडे आता राखाडी होतील, पण दिसत राहतील. ते अपेक्षितच आहे. Layer > New from Visible करून पुढचे काम या नव्या लेयरवर करा.

पोतासाठी दोन साधने आहेत. क्लोन दुसऱ्या जागेचा तुकडा जसाच्या तसा आणून ठेवते. हील त्या तुकड्याचा फक्त पोत घेते आणि छटा आजूबाजूच्या जागेशी जुळवते. त्यामुळे साडीच्या काठाशेजारी हील चालवले, तर काठाचा लाल फरशीत ओढला जातो. म्हणून आधी क्लोनने रेषा जोडा. फरशांमधली सांध आकड्यांखालून गेली असेल, तर त्याच सांधेवर आकड्यांच्या डावीकडे Ctrl धरून क्लिक करा, Aligned चालू ठेवा आणि सांधेच्या दिशेने ब्रश न्या. साडीचा काठही तसाच, काठाच्याच दिशेने जोडा. मग मोकळी फरशी हीलने भरा, पण काठापासून ब्रशच्या एका रुंदीएवढ्या अंतरावर थांबा. मधली पट्टी क्लोनचीच ठेवा. आकड्याच्या कडेबाहेर सात-आठ पिक्सेलपर्यंत भरले म्हणजे पुरे, कारण त्यापलीकडचा रंग आपण आधीच सुधारला आहे.

ब्रश फार मऊ नको, हार्डनेस 75–80 पुरे. मऊ ब्रशने एकाच जागी पुनःपुन्हा घासले की दोन-तीन पोत एकमेकांत मिसळतात, त्यांचे कण एकमेकांना पुसतात आणि जागा मेण चोपडल्यासारखी गुळगुळीत होते. म्हणून एका जागी एकच क्लिक, आणि प्रत्येक वेळी नमुना नव्या जागेचा. एकाच जागेचा नमुना घेत राहिलात, तर फरशीवरचा एखादा ठिपका ओळीने पुन्हा पुन्हा दिसू लागतो.

तपासणी 100 टक्के आकारात करा. 400 टक्क्यांवर सगळेच खराब दिसते आणि माणूस नको तिथे घासत बसतो. सॅच्युरेशन पुन्हा एकदा वाढवून नारिंगी उरले आहे का ते पाहा. मग Levels मध्ये काळ्या-पांढऱ्याचा फरक ताणा. गुळगुळीत राहिलेली जागा लगेच उठून दिसेल. ती कुठे आहे ते लक्षात ठेवा आणि हे दोन्ही बदल रद्द करा. मग अशी जागा सापडली असेल तर तिथे क्लोनचे दोन-तीन सुटे ठिपके द्या.

या कामाची मर्यादाही लक्षात असू द्या. आकड्यांखाली जे होते ते फाइलमध्ये उरलेलेच नाही, आपण शेजारचे पाहून त्या जागी अंदाज भरतो. फरशी, गवत, भिंत, आकाश असेल तर हा अंदाज चालतो. तारीख एखाद्याच्या हातावर, चेहऱ्यावर किंवा पाटीवरच्या अक्षरांवर आली असेल, तर ती पुसू नका. कडेचा सेंटिमीटरभर भाग कापून भागत असेल तर कापा, नाहीतर तारीख राहू द्या. काहीही केले तरी मूळ स्कॅन वेगळ्या नावाने जपून ठेवा. आणि हे सगळे करण्यापूर्वी घरातल्या जुन्या सीडी एकदा शोधा. त्यांवर मूळ फाइल सापडली तर तारीख तिच्यावरही असेल, पण छपाई आणि स्कॅनिंगने पसरलेली छटा नसेल, आणि तेच काम निम्म्या कष्टात होईल.