दोन डबे की सात?

शेजारच्या काकांच्या गच्चीवर मे महिन्यात वॉटरप्रूफिंगचं कोटिंग करायचं ठरलं. बेडरूमच्या कोपऱ्यात, छताला लागून, दर पावसाळ्यात ओल उमटायची. मिस्त्री आला, पावलांनी गच्ची मोजली आणि म्हणाला, "तीस बाय वीस, सहाशे फूट. दोन डबे बास." डबा वीस लिटरचा. काकांनी मला वर बोलावलं ते केवळ दर बरोबर आहे का ते विचारायला. मी पेशाने सिव्हिलवाला, त्यामुळे आधी टेप काढली.

ओल कोपऱ्यात का येते, ते आधी सांगतो. गच्चीचा स्लॅब काँक्रीटचा आणि कठडा, म्हणजे पॅरापेट, विटांचा. उन्हात दोघं सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून त्यांच्या सांध्यावर बारीक चीर पडते. पावसाचं पाणी सपाट भागावरून वाहून जातं, पण या चिरेपाशी रेंगाळतं आणि आत शिरतं. म्हणून कोटिंग जमिनीवर थांबवून चालत नाही. सांध्यावर सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा करायचा आणि कोटिंग त्यावरून भिंतीवर एक फूट चढवायचं. सरकारी कामांच्या विटकोब्याच्या तपशिलातही भिंतीवर 300 मिलिमीटर, म्हणजे फूटभरच चढवायला सांगितलेलं असतं. आउटलेटची जाळी पाचोळ्याने तुंबली की गच्चीत पाणी साठतं आणि त्या वेळी ही फूटभर उंचीच घर वाचवते. साइटवर तिला अपटर्न म्हणतात, आणि मिस्त्रीच्या सहाशे फुटांत ती कुठेच नव्हती.

आता माप. कठड्याच्या आतून गच्ची 30 बाय 20 फूट, पण एका कोपऱ्यात जिन्याची खोली आहे, 10 बाय 8 फुटांची. तिच्याखालच्या जमिनीला कोटिंग लागत नाही, म्हणून 600 मधून 80 गेले. टाकीचे चार पाये एकेक फुटाचे, त्यांचे आणखी 4 गेले. सपाट भाग उरला 516 चौरस फूट.

भिंतीकडे वळलो तेव्हा काकांनी विचारलं, "खोलीमुळे कठडा कमी झाला ना, मग भिंतीचं मापही कमी होईल?" होत नाही. खोली कोपऱ्यात आहे, त्यामुळे कठड्याची जेवढी लांबी खोलीमागे गेली, तेवढीच खोलीच्या दोन भिंतींची लांबी गच्चीकडे आली. घेर होता तोच राहतो, 100 फूट. खोली कोपऱ्याऐवजी एका बाजूच्या मध्यावर असती, तर घेर उलट वाढला असता. घेराला एक फूट उंची लावली की 100 चौरस फूट. टाकीच्या पायांनाही चारी बाजूंनी फूटभर कोटिंग चढतं. एका पायाचा घेर चार फूट, म्हणजे चार पायांचे 16. सगळं मिळून 632 चौरस फूट, म्हणजे जवळपास 59 चौरस मीटर.

गंमत अशी की गच्ची जितकी लहान, तितका अपटर्नचा वाटा मोठा. सोसायटीच्या 100 बाय 60 फुटांच्या गच्चीवर तो सपाट भागाच्या जेमतेम पाच टक्के भरतो. 10 बाय 4 फुटांच्या उघड्या बाल्कनीत मात्र जमीन 40 आणि भिंती 28. तिथे अपटर्न विसरलात तर चाळीस टक्क्यांच्या आसपास काम अंदाजपत्रकात आलेलंच नसतं.

पण खरी तफावत मापात नव्हती, जाडीत होती. मिस्त्री डब्यावरच्या 'लिटरला वीस चौरस फूट' या आकड्यावर चालला होता. एक लिटर कोटिंग एक चौरस मीटरवर, म्हणजे पावणेअकरा चौरस फुटांवर पसरलं, तर ओला थर एक मिलिमीटर जाड होतो. हे साधं घनफळ आहे, कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. पुढे त्यातलं पाणी उडून जातं. काकांनी निवडलेल्या ॲक्रिलिक कोटिंगमध्ये घनफळाने निम्मा भाग पाण्याचा होता, म्हणजे एक मिलिमीटर ओल्या थराचा सुकून अर्धा उरतो. इथे एक सापळा आहे. काही माहितीपत्रकांत घन भागाची टक्केवारी वजनाने दिलेली असते आणि ती मोठी दिसते. जाडी काढायला घनफळाचीच टक्केवारी लागते, ती दुकानदाराकडून मागून घ्यावी.

आता मिस्त्रीचा हिशोब तपासा. दोन डबे म्हणजे 40 लिटर, 59 चौरस मीटरवर. ओला थर 0.68 मिलिमीटर, सुकल्यावर 0.34. उन्हात तापणाऱ्या, माणसं चालणाऱ्या गच्चीवर आम्ही सुका थर एक मिलिमीटर धरला होता. तेवढ्यासाठी चौरस मीटरला दोन लिटर लागतात, म्हणजे 118 लिटर. शिवाय वाट्यावर फूटभर रुंद फायबरची जाळी बसवायची, तिला भिजवायला एक जादा हात. सांध्याची लांबी पायांसकट 116 फूट, त्यावर साधारण सात लिटर गेले. झाले 125. खडबडीत प्लास्टर, रोलरला चिकटून राहणारा माल आणि डब्याच्या तळाला उरणारा, यासाठी दहा टक्के धरले की 137. म्हणजे सात डबे.

काकांचा चेहरा उतरला. मिस्त्रीने तेवढ्यात तोडगा सुचवला: पाणी थोडं जास्त घालू, पुरेल. पाणी घालून माल पुरतो हे खरं, पण ते पाणी दुसऱ्या दिवशी उडून जातं आणि थर पातळच राहतो. पहिला, प्रायमरचा हात पातळ करतात तो निराळा, आणि तो जाडीत मोजत नाहीत.

जाड लावायचं म्हणून एकाच हातात ओतायचं नाही. सपाट भागावर तीन हातांत काम भागलं, पण उभ्या भिंतीवर तेवढा जाड हात टिकत नाही, ओघळून वाट्यात साचतो. वर पापुद्रा आणि खाली गोळा, असा तो दिसतो. तिथे पाच पातळ हात दिले, प्रत्येक सुकू देऊन. आणि अपटर्न जिथे संपतो तिथे प्लास्टरमध्ये आडवी खाच पाडून कोटिंगची कड तिच्यात दाबली. नाहीतर भिंतीवरून उतरणारं पाणी कडेमागून शिरतं आणि थर सोलून काढतं. कठड्याच्या माथ्यालाच चिरा असतील तर मात्र हा फूटभर अपटर्न काही करू शकत नाही. पाणी विटांतून वरून उतरतं आणि त्याच्या मागून खाली जातं. अशा वेळी माथा आधी दुरुस्त करावा लागतो.

मालाचा खप तुमच्या पृष्ठभागावर किती पडेल, हे कळायला सोपी चाचणी आहे. खडूने दहा चौरस फुटांचा चौकोन आखा, डबा वजनकाट्यावर ठेवा, तेवढाच भाग एका हाताने रंगवा आणि डबा पुन्हा तोला. काकांच्या कठड्यावर जमिनीपेक्षा खप जास्त निघाला, कारण प्लास्टर रवाळ होतं.

काम ठरवताना दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: अपटर्नचं माप बिलात धरलंय की दरातच आलंय, आणि सुका थर किती मिलिमीटर. आणि काम संपलं म्हणून मिस्त्रीला रिकामे डबे घेऊन जाऊ देऊ नका. आधी ते मोजा.