शीर्षकात निकाल, गोष्ट मात्र शाबूत

रात्री जेवणं आटोपल्यावर नवीन वेब सिरीज शोधणारा माणूस परीक्षणांची आधी फक्त शीर्षकं वाचतो. कोणती सिरीज, कुठल्या भाषेतली आणि बघावी की नाही, एवढंच त्याला तिथे हवं असतं. गोष्ट त्याला स्वतःच उलगडायची असते.

२०२० साली एमएक्स प्लेयरवर आलेली ‘समांतर’ घेऊ. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली ही नऊ भागांची सिरीज. तिच्या परीक्षणाला ‘समांतरच्या शेवटच्या ट्विस्टने हादरलो’ असं शीर्षक दिलं, तर त्यात एकही प्रसंग सांगितलेला नाही. तरीही नुकसान होतंच. वाचक पहिल्या भागापासून त्या धक्क्याची वाट बघत बसतो, प्रत्येक पात्राकडे संशयाने पाहतो. धक्का आहे हे कळणं, हाच निम्मा धक्का गेल्यासारखं आहे.

शिवाय भाषा राहून गेली. ‘समांतर’ मूळ मराठी, पण हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही डब झालेली. हिंदी आवृत्ती पाहून कोणी ‘संवाद कृत्रिम’ असा निकाल दिला, तर तो दोष लेखनाचा की डबिंगचा, हे वाचकाला कळायला हवं. म्हणून मूळ भाषा द्यावी, आणि डब आवृत्ती पाहिली असेल तर तेही लिहावं.

आता शीर्षक नव्याने बांधू: ‘समांतर, सीझन १ (मराठी): वेगवान गूढकथा, एका बैठकीत बघावी’. नाव सगळ्यात आधी, कारण मोबाइलच्या पडद्यावर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. सीझनचा आकडाही हवाच, कारण २०२१ साली दुसरा सीझन आला आणि त्याचे दिग्दर्शक समीर विद्वांस होते. एकाचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही. निकाल दिलाय तो मांडणीवर. वेग, अभिनय, लांबी, संवाद यांवर कितीही स्पष्ट बोललं तरी कथानक सुरक्षित राहतं. ‘खलनायक अनपेक्षित’, ‘शेवट रडवतो’ अशा शब्दांनी मात्र ते फुटतं.

सगळ्यात जास्त घसरण होते ती पुढच्या सीझनच्या वेळी. ‘अमुक पात्राशिवाय दुसरा सीझन फिका’ असं लिहिलं, की पहिला सीझन न पाहिलेल्याला त्या पात्राचं काय झालं याचा अंदाज येतो. तिथे ‘दुसरा सीझन फिका, लेखन सैल’ एवढंच पुरतं.

शीर्षक तपासायची एक साधी रीत आहे. फक्त पहिला भाग पाहिलेल्या माणसाला ते वाचायला द्यावं. पुढच्या भागांतल्या घटनांबद्दल त्याला काहीही नवीन कळलं, तर तो शब्द काढावा. आणि ‘एकदा बघायला हरकत नाही’ असलं गुळमुळीत वाक्य उरलं असेल, तर निकाल कोणासाठी आहे ते लिहावं: ‘संथ कथा आवडणाऱ्यांनी बघावी’. त्यावरून वाचकाला आपलं आपण ठरवता येतं.