फोर्ब्सचे सतरा ठिपके

एकोणिसाव्या शतकात डोंगराची उंची काढायची तर तिथला हवेचा दाब मोजावा लागे, आणि त्यासाठी पाऱ्याचा बॅरोमीटर काचेच्या लांब नळीसकट चढणीवरून वर न्यावा लागे. ती नळी वाटेत फुटण्याची धास्ती कायमची. त्यापेक्षा थर्मामीटर आणि पाणी उकळायचे भांडे नेणे सोपे. उंचावर दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. मग पाणी कोणत्या तापमानाला उकळले, एवढ्यावरून दाब सांगता येईल का? जेम्स डेव्हिड फोर्ब्स या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने आल्प्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये दोन्ही गोष्टी मोजून पाहिल्या आणि १८५७ साली आपला लेख प्रसिद्ध केला. त्याच्या सतरा जोड्या आज संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. ‘आर’ या संगणकप्रणालीच्या MASS पॅकेजमध्ये त्या forbes या नावाने मिळतात.

रिग्रेशन शिकताना ही आकडेवारी मला सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या नजरेत इतकी निर्दोष आणि दुसऱ्या नजरेत इतके काही सांगणारी आकडेवारी क्वचित सापडते.

आडव्या अक्षावर उत्कलनबिंदू घ्या, फॅरनहाइट अंशांत. तो १९४.३ ते २१२.२ पर्यंत जातो. उभ्या अक्षावर दाब घ्या, पाऱ्याच्या इंचांत. तो २०.७९ ते ३०.०६ आहे. सतरा ठिपके जवळजवळ एका रेषेत पडतात. त्यांच्यामधून एक सरळ रेषा अशी काढायची की प्रत्येक ठिपक्याचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजून त्याचा वर्ग केला, तर त्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. ती रेषा सांगते की उत्कलनबिंदू एक अंशाने वाढला की दाब सुमारे ०.५२३ इंचाने वाढतो.

रेषा किती चांगली बसली, हे सांगायला बहुतेक जण लगेच आर-स्क्वेअर पाहतात. तो येतो कुठून, हे इथे आकड्यांतच दिसते. तापमानाकडे दुर्लक्ष करून प्रत्येक ठिकाणी ‘दाब सरासरीइतका’ असे म्हटले असते, तर चुकांच्या वर्गांची बेरीज सुमारे १४५.९ झाली असती. रेषा वापरल्यावर ती फक्त ०.८१ उरते. म्हणजे मूळ चढउतारातला ०.५६ टक्के भाग शिल्लक राहिला आणि उरलेला रेषेने टिपला. आर-स्क्वेअर ०.९९४४. बरेच विद्यार्थी इथे पेन खाली ठेवतात.

वास्तविक काम इथून सुरू होते. प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेल्या दाबातून रेषेने सांगितलेला दाब वजा करायचा. जो फरक उरतो तो रेसिड्यूअल. हे सतरा फरक उभ्या अक्षावर आणि रेषेने वर्तवलेला दाब आडव्या अक्षावर घेऊन नवा आलेख काढायचा. आडव्या अक्षावर वर्तवलेलाच दाब घ्यायचा, मोजलेला नाही. मोजलेले मूल्य घेतले तर रेसिड्यूअल त्याच्याशी मुळातच जोडलेले असतात आणि नसलेला चढता कल दिसू लागतो. वहीत ही चूक वारंवार भेटते.

मूळ आलेखात दाबाचा पल्ला नऊ इंचांचा होता, म्हणून पाव इंचाचा फरक रेषेच्या जाडीत लपून जात होता. नव्या आलेखात तो उघडा पडतो. सर्वांत कमी तापमानाच्या दोन ठिकाणी मोजलेला दाब रेषेच्या वर आहे, ०.१५ आणि ०.२६ इंचांनी. त्यानंतरचे लागोपाठ नऊ ठिपके शून्याच्या खाली आहेत, आणि २०३.६ अंशांपर्यंत ते जवळजवळ पायरी-पायरीने खाली जात ०.२६ इंच खाली पोचतात. पुढे ते पुन्हा चढू लागतात आणि शेवटचे दोन शून्याच्या वर येतात. मधे खोल आणि दोन्ही टोकांना उचललेला असा द्रोणासारखा आकार तयार होतो.

रेषेचे पहिले गृहीतक असे की दोन राशींमधला सरासरी संबंध सरळ आहे. तसे असते तर उरलेले फरक केवळ मोजमापातल्या लहानसहान चुकांचे असते, आणि ते शून्याच्या वर-खाली कसेही विखुरले असते. नऊ फरक सलग एकाच बाजूला पडले, याचा अर्थ त्यांच्यात संबंधाचाच एक भाग उरला आहे. संबंध किंचित वक्र आहे आणि आपण तो सरळ रेषेत बसवला. या चुकीची किंमतही मोजता येते. दाब २५ इंचांच्या आसपास असताना पाव इंच चुकला, तर उंचीचा अंदाज साधारण ऐंशी मीटरने चुकतो. ज्याला डोंगर मोजायचा आहे त्याला ही चूक परवडणारी नाही. शिवाय ती अधूनमधून होणारी नाही. मधल्या उंचीवर रेषा दाब दर वेळी जास्तच सांगणार, आणि कितीही मोजमापे वाढवली तरी हा दोष जाणार नाही.

फोर्ब्सला संबंधाचा खरा आकार भौतिकशास्त्राच्या आधारे अपेक्षित होता. तापमानाबरोबर बाष्पदाब सरळ रेषेत वाढत नाही; तो ठरावीक प्रमाणात, टक्केवारीने वाढतो. म्हणून दाबाऐवजी दाबाचा लॉगॅरिदम घ्यायचा. आकडे हाताळायला सोपे जावेत म्हणून त्याला शंभराने गुणून पुन्हा रेषा काढली की द्रोण नाहीसा होतो. सोळा ठिपके शून्याच्या आसपास राहतात, एकही ०.३५ पेक्षा दूर जात नाही.

आणि आर-स्क्वेअर? तो ०.९९५० येतो. संबंधाचा आकार दुरुस्त झाला, पद्धतशीर चूक गेली, आणि या आकड्यात जेमतेम तिसऱ्या दशांश स्थळी हालचाल झाली. तसे पाहता या दोन आकड्यांची तुलनाही काटेकोर नाही, कारण एक दाबातला चढउतार मोजतो आणि दुसरा लॉगॅरिदममधला. पण एवढे नक्की कळते की रेषेचा आकार बरोबर आहे का, या प्रश्नाला आर-स्क्वेअर उत्तरच देत नाही. किती चढउतार टिपला एवढेच तो सांगतो.

तो इतका कमी का हलला याचे एक कारण सतराव्या ठिपक्यात आहे. यादीत त्याचा क्रमांक बारावा. तिथे पाणी २०४.६ अंशांना उकळले आणि दाब २६.५७ इंच नोंदला आहे. लॉगॅरिदमच्या रेषेनुसार तो सुमारे २५.७५ असायला हवा होता. याचा रेसिड्यूअल १.३६ आहे, म्हणजे बाकी सगळ्यांच्या चौपट. सरळ रेषेच्या आलेखातही हा ठिपका उठून दिसत होता; आता शेजारपाजार शांत झाल्यावर तो एकटा पडला. त्याला वगळून रेषा काढली तर उतार ०.८९५ वरून ०.८९१ होतो, म्हणजे फारसा बदलत नाही. मात्र रेसिड्यूअलचा सर्वसाधारण फैलाव ०.३८ वरून ०.११ वर उतरतो. रेषा तीच, पण तिच्याभोवती किती चूक धरायची याचा अंदाज एका नोंदीने तिपटीहून अधिक फुगवला होता.

मग ती नोंद खोडायची का? नुसती रेषेत बसत नाही म्हणून मुळीच नाही. वाचनात किंवा लिहिण्यात चूक झाली असावी असे वाटणे साहजिक आहे, पण ते सिद्ध करणारी गोष्ट हातात नाही. अशा वेळी दोन्ही उत्तरे मांडावीत, नोंदीसह आणि नोंदीशिवाय, आणि फरक कुठे पडतो ते स्पष्ट लिहावे.

आर-स्क्वेअरबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या आकडेवारीत तापमानांचे प्रमाण विचलन सुमारे ५.८ अंश आहे, कारण फोर्ब्सने खूप वेगवेगळ्या उंचींवर मोजले. समजा, तो जवळजवळ एकाच उंचीवर फिरला असता आणि हे विचलन अर्ध्या अंशावर आले असते. रेषा तीच, उपकरणे तीच, चुकाही तेवढ्याच. तरी आर-स्क्वेअर ०.५६ च्या आसपास पडला असता. ०.९९ चांगला आणि ०.५६ वाईट अशी एकच फूटपट्टी सगळीकडे लावता येत नाही ती याचमुळे.

फोर्ब्सच्या आकडेवारीत एक गृहीतक मात्र नीट तपासता येत नाही: चुकांचा फैलाव सगळीकडे सारखा असणे. त्यासाठी ‘आर’मधलीच cars ही आकडेवारी पाहावी. १९२० च्या दशकातल्या मोटारींच्या पन्नास नोंदी आहेत. वेग ताशी ४ ते २५ मैल, आणि थांबेपर्यंत कापलेले अंतर २ ते १२० फूट. रेषा सांगते की वेग ताशी एक मैलाने वाढला की अंतर ३.९३ फुटांनी वाढते. आर-स्क्वेअर ०.६५. रेसिड्यूअलच्या आलेखात डावीकडे, कमी वेगांवर, ठिपके शून्याजवळ गोळा झालेले दिसतात आणि उजवीकडे ते पसरत जातात. ताशी १४ मैलांच्या एका नोंदीत मोटार रेषेच्या अंदाजापेक्षा ४२.५ फूट पुढे गेली, तर २४ मैलांच्या एका नोंदीत ४३ फूट.

फैलाव असा बदलत असला तरी रेषेचा उतार त्यामुळे एका बाजूला झुकत नाही. बिघडतो तो त्याभोवती सांगितलेला चुकीचा अंदाज. संगणक पन्नास नोंदींसाठी मिळून एकच फैलाव काढतो, १५.४ फुटांचा, आणि तो सगळ्या वेगांना लावतो. ताशी ५ मैल वेगाला रेषेचा अंदाज दोन फूट आहे. त्यात फैलावाची दुप्पट मिळवली आणि वजा केली की मोटार उणे २९ ते ३३ फुटांत थांबेल असे उत्तर मिळते. जास्त वेगांवर मात्र हेच ३१ फूट अपुरे पडतात. आत्मविश्वासाच्या मर्यादा, पी-मूल्य, भाकिताचा पल्ला हे सगळे याच एका फैलावावर उभे असते.

चुका नॉर्मल वितरणाच्या असाव्यात, हे गृहीतकही अशा छोट्या आकडेवारीत मुख्यतः याच मर्यादांसाठी लागते. ते रेसिड्यूअलबद्दल आहे. वेग किंवा अंतर स्वतः घंटेच्या आकारात विखुरलेले असण्याची काहीच गरज नाही, तरी अनेक जण आधी त्यांचेच आलेख काढून चिंतेत पडतात. आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात, हे तर या आलेखावरून बहुधा कळतच नाही. त्यासाठी नोंदी कोणत्या क्रमाने घेतल्या, एकाच मोटारीच्या किती, एकाच चालकाच्या किती, हे माहीत असावे लागते.

मोटारींच्या बाबतीत उपाय पुन्हा भौतिकशास्त्रातूनच येतो. ब्रेक लावल्यावर जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणून अंतराचे वर्गमूळ घेऊन रेषा काढावी. मग पसरत जाणारा फैलाव बराच आवरतो. मूळ रेषा शून्य वेगाला अंतर उणे १७.६ फूट सांगत होती. वर्गमुळाची रेषा तिथे १.२८ देते, म्हणजे दीड फुटाहून थोडे अधिक. उभ्या मोटारीसाठी हेही खरे नाही, पण नोंदी ४ मैलांपासून सुरू होतात आणि त्याच्या खाली काय घडते ते सांगायचा अधिकार या दोन्ही रेषांना नाही.